कुटुंबाच्या फोटोखालचा मजकूर पुन्हा लिहिताना: नातं ठेवा, बातमी गाळा

२०२५ च्या मे अखेरीस कोकणातल्या आमच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. अंगणात चौदा जणांचा फोटो काढला. मी त्याखाली भरभरून चार-पाच ओळी लिहिल्या, फेसबुकवर टाकल्या आणि त्याच झोकात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही. रात्री जेवणं होईपर्यंत चार फोन आले. सगळ्यात हळू आवाजात बोलली ती काकू. म्हणाली, "अगं, तू प्रेमानेच लिहिलंस, कळतंय मला. पण सोसायटीत मी सगळ्यांना गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो मजकूर मी तीनदा लिहिला. पहिले दोन्ही प्रयत्न फसले. ते का फसले आणि तिसरा कसा जमला, ते इथे क्रमाने लिहिते. मूळ मजकूर असा होता (नावं बदलली आहेत, आडनावं आणि शाळा गाळली आहे):

> आमच्या आजी गं. भा. सुशीला वामन … (माहेरच्या …) यांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात पार पडलं! डावीकडून थोरले काका (गेल्याच महिन्यात रिटायर, आता फंडाच्या पैशांचं काय करायचं हाच प्रश्न!), काकू (चौथी केमो होऊनही हसतमुख), आत्या (आता कायमची माहेरी, आम्ही आहोत गं तुझ्यासोबत), मीनलवहिनी (गोड बातमी, पाचवा महिना!), आदित्य (नीटचा दुसरा अटेम्प्ट, निकालाची वाट), पुढे मांडी घालून ईरा (… शाळा, दुसरी ब). धाकटे काका वाटणीनंतर नेहमीप्रमाणे गैरहजर. पुण्यातल्या तिन्ही घरांना कुलूप, आम्ही सगळे रविवारपर्यंत गावातच!

आता वाचताना घाम फुटतो. लिहिताना मात्र यातलं एकही वाक्य मला वावगं वाटलं नव्हतं, कारण आमच्या घरात ते सगळ्यांना माहीतच होतं.

काय काय हाताशी हवं

- मूळ मजकुराची प्रत, मोबाईलच्या नोट्समध्ये किंवा सरळ कागदावर
- मूळ फोटो, मोठा करून बघता येईल असा
- फोटोतल्या माणसांची यादी आणि त्यांचे नंबर
- तो मजकूर कुठे कुठे टाकला होता त्याची आठवण: फेसबुक, इन्स्टाग्राम, स्टेटस, कोणकोणते ग्रुप
- एक निवांत तास. लिहायला दहा मिनिटं पुरतात, बाकी वेळ विचारण्यात जातो.

## १. आधी दिसणं थांबवा, मग लिहायला बसा

माझी पहिली चूक इथेच झाली. काकूचा फोन ठेवला आणि मी फेसबुकवर Edit करून "केमो" हा शब्द काढला. काम झालं असं वाटलं. अर्ध्या तासाने आदित्यने दाखवलं की पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की View edit history असा पर्याय येतो, आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला तिथे जुना मजकूरही जसाच्या तसा वाचता येतो. वर पोस्ट बदललेली पाहिली की नेमकं काय बदललं हे बघायचा मोह कोणालाही होतोच.

म्हणून फेसबुकवर दुसऱ्याची खाजगी गोष्ट लिहून गेली असेल तर दुरुस्ती करत बसू नका, पोस्टच काढून टाका. नवा मजकूर नव्या पोस्टखाली टाका. आधीचे लाइक आणि "आजींना नमस्कार" जातील, जाऊ देत. शुद्धलेखनाची चूक असेल तर Edit पुरतं. इन्स्टाग्रामवर जुना मजकूर लोकांना असा उघडून बघता येत नाही, तिथे दुरुस्ती चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवर घड्याळ बघावं लागतं. पाठवलेला मजकूर पहिल्या पंधरा मिनिटांतच बदलता येतो. त्यानंतर Delete for everyone हाच मार्ग, आणि त्यालाही साधारण अडीच दिवसांची मुदत असते. मी सगळीकडून काढलं तेव्हा दोन तास होऊन गेले होते. आमच्या एका भाचेसुनेने तोवर फोटो मजकुरासकट तिच्या माहेरच्या ग्रुपवर पुढे धाडला होता. पुढे गेलेल्या प्रतीवर आपला काही हक्क चालत नाही. तिला फोन करून "तेवढं तिकडून काढशील का, नवीन पाठवते" असं म्हणावं लागलं. कारण सांगू नका. कारण सांगितलं की ज्याने वाचलंही नव्हतं तो आता वाचणार.

## २. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: ही बातमी कोणाची?

मजकुराची प्रत घ्या आणि कंसातल्या प्रत्येक तुकड्यापुढे पेन्सिलीने एक नाव लिहा. फोटो माझा, शब्द माझे, पण "चौथी केमो" ही काकूची बातमी. "पाचवा महिना" वहिनीची. "वाटणीनंतर गैरहजर" ही तर धाकट्या काकांची, आणि ते फोटोतही नव्हते. माझ्या मजकुरात माझी स्वतःची अशी एकच बातमी निघाली: मी रविवारपर्यंत गावात आहे.

अडलं तर मी एक कसोटी लावते. हे वाचून त्या माणसाला उद्या मंडईत कोणी काय विचारेल? "मांडी घालून बसलेली ईरा" वाचून कोणी काही विचारणार नाही. "आत्या आता कायमची माहेरी" वाचल्यावर मात्र भाजी निवडता निवडता पहिला प्रश्न येणार, "का हो, काय झालं?" ज्या वाक्यामुळे दुसऱ्याला खुलासे द्यावे लागतील ते वाक्य आपलं नाही. मी तर वर "आम्ही आहोत गं तुझ्यासोबत" अशी जोड दिली होती. काहीतरी बिनसलंय हे सगळ्या गावाला कळवायला तेवढं पुरेसं होतं.

## ३. नावं: तीन शब्दांत किती जातं ते बघा

आपल्याकडे पूर्ण नाव लिहायची रीत पत्रिकेतून आली. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, आणि आधी उपाधी. लग्नपत्रिका शेदोनशे घरांत जायची तेव्हा ठीक होतं. फोटोखाली तेच लिहिलं की एका ओळीत बरंच काही निघून जातं. "सौ." आणि "गं. भा." यांनी त्या बाईचा नवरा आहे की नाही हे सांगून टाकलं. मधलं नाव त्याचं. कंसातलं "माहेरच्या" हे तर थेट माहेरचं आडनाव. "आईचं माहेरचं आडनाव काय?" हा प्रश्न ओळख पटवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी विचारतात, म्हणजे आजीच्या सगळ्या मुलांच्या वतीने मी त्याचं उत्तर चव्हाट्यावर मांडलं.

हे आडनाव आडवाटेनेही बाहेर पडतं. फोटोत मामा असतील आणि त्यांचं नाव आडनावासकट लिहिलंत, तर "माझे मामा" या दोन शब्दांनी तुमच्या आईचं माहेर सांगितलंच. मामा लिहा किंवा आडनाव लिहा, दोन्ही एकत्र नको.

आता सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून थोडं जास्त, म्हणजे हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि जवळपास दहा महिने लागतात. घराघरांत महिना-दोन महिने इकडेतिकडे होतात, पण समारंभ मे २०२५ मध्ये झाला म्हटलं की जन्मसाल १९४४ च्या आसपास हे कोणीही काढेल. नाव सुशीला, साल १९४४. यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण आधारची जी पीडीएफ आपण डाउनलोड करतो तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो. म्हणजे

```
SUSH1944
```

नुसत्या मजकुराने कोणाचं खातं रिकामं होत नाही, हेही खरं. त्यासाठी ती पीडीएफ हातात लागते. पण आजीची पीडीएफ आम्ही प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याच्या मोबाईलवर पाठवली होती, आणि ती त्याने पुसली की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. कुलूप एकाकडे आणि किल्ली फेसबुकवर, असा तो प्रकार.

मग लिहायचं काय? घरातलं हाकेचं नाव. आमच्या आजीला सगळे माई म्हणतात. "माई" वाचून जे ओळखतात ते ओळखतात, जे ओळखत नाहीत त्यांना पूर्ण नाव कळून काय करायचंय? बाकीच्यांना नुसतं नातं पुरतं: काका, काकू, आत्या, वहिनी. मराठीत नाती आधीच इतकी नेमकी आहेत की आत्या म्हटलं की वडिलांची बहीण हे न सांगता कळतं. फक्त "सावत्र", "दत्तक", "पहिल्या बायकोचा" असली विशेषणं त्या नात्याला लावू नका. घरात ती कोणी उच्चारत नाही, मग फोटोखाली कशाला?

## ४. तब्येत, गोड बातमी, निकाल, रुसवे

इथे माझा दुसरा प्रयत्न फसला, म्हणून जरा थांबून सांगते.

पोस्ट काढली आणि मी मजकूर "सौम्य" केला. काकूच्या पुढे लिहिलं, "मोठ्या संकटातून धीराने वाट काढणारी आमची काकू". आत्यापुढे, "कठीण काळातही न डगमगलेली". मला फार समंजस वाटलं. सुदैवाने टाकण्याआधी आईला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "आता तर सगळेच विचारतील, कसलं संकट?"

बरोबर होतं तिचं. अर्धवट झाकलेलं जास्त दिसतं. "केमो" वाचून निदान लोक गप्प तरी बसले असते, "संकट" वाचून अंदाज बांधत बसले असते आणि त्यातला एखादा खऱ्यापेक्षा वाईट निघाला असता. "ईश्वरकृपेने", "सगळं विसरून", "लवकरच कळेल" हे सगळे त्याच जातीचे. गाळायचं तर पूर्ण गाळा, खूण शिल्लक ठेवू नका.

गाळल्यावर ती जागा रिकामी वाटते आणि हात पुन्हा जुन्या बातमीकडे वळतो. तिथे फोटोत खरोखर दिसतं ते लिहा. काकूच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. आत्या कॅमेऱ्याकडे न बघता ईराच्या वेणीतला गजरा सारखा करत होती. आदित्यच्या खांद्यावर घरातलं मांजर होतं. या गोष्टी फोटो बघणाऱ्याला दिसतच होत्या, त्या लिहून कोणाचं काही उघड झालं नाही आणि मजकूर आधीपेक्षा वाचनीय झाला. माणसाची ओळख त्या दिवशी तो काय करत होता यावरून द्या, वर्षभर त्याचं काय चाललंय यावरून नाही.

गोड बातमीबद्दल दोन शब्द जास्त. "तीन महिने झाले की सांगायला हरकत नाही" असं आपल्याकडे म्हणतात, त्यामुळे पाचवा महिना मला मोकळा वाटला. वहिनीने ऑफिसमध्ये अजून सांगितलं नव्हतं. तिचं प्रमोशन जूनमध्ये ठरणार होतं. सांगायला हरकत नाही ती सांगणारीला, म्हणजे तिला. आपण वाट बघायची. शिवाय फेसबुक दर वर्षी त्याच तारखेला जुनी पोस्ट पुन्हा समोर आणतं. बातमी गोड राहिली तर ठीक, नाहीतर ती आठवण कोणासमोर येऊन उभी राहील याचा विचार करा.

आणि जे फोटोत नाहीत त्यांचं काय? काही लिहू नका. "फक्त अमुक नव्हते" हे तर नकोच, पण "आमचं अख्खं कुटुंब" हेही नको. धाकट्या काकांना पहिल्या मजकुरात मी गैरहजर म्हटलं ते त्यांना लागलं असणार. "अख्खं कुटुंब" लिहिलं असतं तर मी त्यांना कुटुंबातूनच काढलं असतं. "अंगणात जमलो होतो" एवढ्याने भागतं. किती जण आणि कोण नाही हे मोजायला कोणी बसत नाही.

## ५. मुलं, घर आणि तारखा

हे झटकन होण्यासारखं आहे. मुलाची शाळा, इयत्ता, तुकडी, शिकवणीची वेळ, यातलं काही नको. घराला कुलूप आहे हे तर अजिबात नको. गावाहून परत आल्यावर फोटो टाका, चार दिवसांनी काही शिळा होत नाही. आणि "फंडाचे पैसे" असा विनोद फोटोखाली करू नका. निवृत्त माणसाला गुंतवणुकीच्या नावाने फोन करणारे टपलेलेच असतात, थोरल्या काकांना पुढच्या आठवड्यात तसे दोन आले. माझ्या पोस्टमुळे आले असं मी म्हणत नाही, पण काका म्हणतात.

## ६. मजकूर झाला की फोटो वाचा

मजकूर स्वच्छ झाला म्हणून मी खुशीत होते. फोटो मोठा केला आणि बघते तर माईच्या मागे सहा फुटी फ्लेक्स. त्यावर "गं. भा. सुशीला वामन …", खाली जन्मतारीख, खाली गावाचं नाव आणि शुभेच्छुक म्हणून सगळ्या नातवंडांची नावं आडनावासकट, दोघांचे मोबाईल नंबर धरून. मी रात्रभर जे गाळत बसले होते ते सगळं माझ्याच डोक्यामागे ठळक अक्षरात छापलेलं होतं. फ्लेक्सचा मजकूर मीच लिहून दिला होता, हे इथे कबूल करते.

फोटोतली अक्षरं शोधताना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने बघा, नाहीतर नजर चेहऱ्यांवरच जाते. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, मुलाच्या शर्टावरचं शाळेचं बोधचिन्ह, टेबलावरची औषधांची पाकिटं किंवा रिपोर्टची फाइल, आहेराच्या पाकिटावरची नावं. कापून निघत असेल तर कापा, ते सगळ्यात पक्कं. झाकायचं असेल तर रंगाची पूर्ण अपारदर्शक पट्टी मारा. मोबाईलमधल्या हायलायटरसारख्या पेनाने खोडलं तर उजेड वाढवून खालची अक्षरं वाचता येतात. मी फोटो वरून कापला. दोन आंब्याच्या फांद्या गेल्या आणि थोरल्या काकांची टोपी थोडी कमी झाली.

## ७. ज्याची ओळ त्यालाच विचारा, ग्रुपवर नको

कायद्याचा धाक इथे फारसा कामाचा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे घरच्या फोटोखाली काय लिहायचं हे आपल्यालाच ठरवायचं आहे, आणि ते विचारूनच ठरतं.

ग्रुपवर "कोणाची हरकत आहे का?" असं विचारू नका. सासू-सासरे, दीर, जावा सगळे ज्या ग्रुपवर आहेत तिथे कुठली सून "माझी हरकत आहे" म्हणेल? गप्प बसणं म्हणजे होकार धरला जातो आणि फसगत होते. प्रत्येकाला वेगळं, आणि फक्त त्याची ओळ पाठवा. मी असं पाठवलं:

> वहिनी, अंगणातला फोटो पुन्हा टाकतेय, फेसबुकवर. तुझ्याबद्दल एवढंच आहे: "मीनलवहिनी नेहमीप्रमाणे हसता हसता डोळे मिटून". चालेल? काही बदलायचं, काढायचं असेल तर सांग. तुझं उत्तर आल्याशिवाय टाकणार नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर उत्तर न देणाऱ्याचं काय करायचं हे आपणच आपल्या सोयीने ठरवतो. दादाला विचारून वहिनीचं उत्तर धरू नका, तिलाच विचारा. ईराबद्दल तिच्या आईबाबांना दोघांनाही विचारलं, आणि मग सहज तिलाही. ती म्हणाली, "माझे दात पडलेले दिसतायत, ते लिहू नको." लिहिणारच होते.

माईला विचारायला गेले तेव्हा मात्र उलटंच झालं. मी सहस्रचंद्रदर्शन हा शब्दच गाळला होता, त्या १९४४ मुळे. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "हजार चंद्र बघितले ते काय चोरून बघितले? लिही की!" बातमी तिची, निर्णय तिचा. समारंभाचं नाव राहिलं, सुशीला गेलं, माई राहिलं. साल आणि पूर्ण नाव एकत्र येत नाहीत तोवर मलाही त्यात धोका दिसला नाही.

आत्याने स्वतःची ओळच काढायला सांगितली. फोटोत राहीन, पण नाव नको, नातंही नको. मग मी डावीकडून-उजवीकडून अशी यादी करायचंच सोडून दिलं. यादी केली असती तर मधली एक जागा कोरी राहिली असती आणि सगळ्यांची नजर नेमकी तिथेच गेली असती. कोणी ओळ काढायला सांगितली तर तुम्हीही मजकुराची मांडणीच बदला.

## ८. नवा मजकूर

तिसऱ्यांदा लिहिलेला आणि सगळ्यांनी बघितलेला हा:

> माईच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेल्या महिन्यात गावी अंगणात जमलो होतो. ओवाळणीचं ताट काकूच्या हातात, मांजर आदित्यच्या खांद्यावर, आणि मीनलवहिनी नेहमीप्रमाणे हसता हसता डोळे मिटून. थोरल्या काकांनी फोटोसाठी खास टोपी घातली होती, ती थोडी कापली गेली, त्याबद्दल क्षमस्व. माईने मात्र सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवला होता.

यात आजार नाही, पाचवा महिना नाही, निकाल नाही, कुलूप नाही, धाकटे काका नाहीत आणि आत्याही नाही. तरी ज्यांना आत्या माहीत आहे त्यांना फोटोत ती दिसतेच. ईराच्या दातांचाही उल्लेख केला नाही, शब्द दिला होता.

घरच्या ग्रुपसाठी वेगळा मजकूर करावा का? मी केला नाही. घरच्या ग्रुपवरचा फोटो घरात राहत नाही हे भाचेसुनेने दाखवून दिलं होतं. दोन मजकूर केले तर मोकळा असतो तोच पुढे जातो.

## ९. टाकल्यावर दोन दिवस प्रतिक्रियांवर लक्ष ठेवा

आपण गाळलेलं सगळं नातेवाईक प्रतिक्रियांत भरून काढतात. आमच्याकडे पहिल्या तासातच लांबच्या एका मावशींनी लिहिलं, "काकूंची ट्रीटमेंट संपली का गं?" असं आलं की खाली उत्तर देऊ नका, "हो" किंवा "नाही" सुद्धा नाही. प्रतिक्रिया काढून टाका आणि लगेच फोन करा: "मावशी, तुमचा प्रश्न वाचला, काकूलाच फोन करा, तिला बरं वाटेल." नुसतं काढून टाकलं तर मावशी रुसतात आणि पुन्हा लिहितात, बहुतेक वेळा मोठ्या अक्षरात. फोटोत कोणाला टॅग करायचं तेही त्यालाच विचारून. टॅग केलं की त्याच्या ऑफिसातल्या, कॉलेजातल्या ओळखीच्यांनाही तो फोटो दिसू शकतो, ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही.

तिसऱ्या दिवशी एकच तक्रार आली, थोरल्या काकांची, टोपीबद्दल. त्यांना आंब्यासकट अख्खा फोटो हवा होता, तो त्यांना वेगळा पाठवला. फ्लेक्स गावीच आहे. पावसाळ्यात पडवीतल्या लाकडांवर झाकायला घेतला, छापील बाजू वर करून. जन्मतारीख अजून लख्ख वाचता येते. पुढच्या वेळी गेले की उलटा करणार आहे.